उकडीच्या मोदकाची पारी फुटू नये म्हणून: उकळत्या पाण्यापासून वाफेपर्यंत

मोदकाच्या पारीला भेगा पडल्या की पहिला दोष हाताला दिला जातो. कळ्या जमत नाहीत, अंगठ्याचा जोर जास्त होतो, सवय नाही, असं सगळं. हाताची सवय लागतेच, पण पारी फुटणार की नाही हे बहुतेक वेळा पीठ पाण्यात पडतं त्या दोन-तीन मिनिटांतच ठरलेलं असतं. उकड नीट झाली असेल तर नवख्या माणसाचे मोदक वेडेवाकडे होतील, पण फुटणार नाहीत. म्हणून इथे सारणाबद्दल कामापुरतंच आणि उकडीबद्दल सविस्तर सांगितलं आहे.

आधी कारण समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. कणीक गार पाण्यात मळली तरी त्याचे ताणले जाणारे धागे तयार होतात. तांदळाच्या पिठात ते नाही. गार पाण्यात कालवलेली पिठी म्हणजे ओली वाळू. दाबली तर एकत्र राहते, वाकवली तर तुटते. तिला बांधून ठेवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तांदळातला स्टार्च. हा स्टार्च साधारण 65 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. नेमकं तापमान तांदळाच्या जातीवर अवलंबून असतं. स्टार्च फुगायला दोन गोष्टी लागतात, पुरेशी उष्णता आणि पुरेसं पाणी. यातली एक जरी कमी पडली तरी पारीला भेग जाते.

पाणी नुसतं गरम न चालता उकळतंच का लागतं, तेही यावरून कळतं. खळखळ उकळत्या पाण्यात तेवढीच वाटी गार पिठी पडली की मिश्रण 85 अंशांच्या आसपास येतं. स्टार्च फुगायला हे पुरेसं आहे. पाणी 80 अंशांवर असताना, म्हणजे तळाशी बुडबुडे दिसायला लागले म्हणून पिठी घातली, तर मिश्रण 70 च्या जवळ घसरतं आणि पातेल्याच्या कडेला त्याहूनही खाली. मग काही पीठ शिजतं, काही कच्चं राहतं. ही अर्धकच्ची उकड मळताना ठीक वाटते, पण पारी करायला घेतली की कडा फाटू लागतात.

पिठी

आंबेमोहोर किंवा इंद्रायणीसारखा वासाचा, थोडा चिकट तांदूळ उत्तम. बासमतीच्या तुकड्याची पिठीही चालते, तिची उकड पांढरीशुभ्र होते, पण तिला चिकटपणा थोडा कमी. घरी पिठी करायची तर तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवून, निथळून, कापडावर सावलीत पसरून पूर्ण वाळवायचा आणि गिरणीवर अगदी बारीक दळून आणायचा. उन्हात वाळवलेला तांदूळ तडकतो, म्हणून सावलीच बरी. गिरणीवाल्याला ‘मोदकाची पिठी’ असं सांगितलं की भाकरीपेक्षा बारीक हवी हे त्याला कळतं.

भाकरीचं पीठ मोदकाला वापरू नका. ते भरड असतं आणि भरड कणांच्या आतपर्यंत पाणी दोन-चार मिनिटांत पोचत नाही. चिमटीत पीठ चोळून पाहा. रवाळ लागलं तर मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. बाजारातली पिठीसुद्धा चाळलेली बरी, गुठळ्या तिथेच निघून जातात.

मापं

दोन वाट्यांचा एक घाणा धरू. वाटी साधारण 200 मिलीची, आणि पिठी व पाणी दोन्हींना तीच वाटी. पिठी चाळल्यावर मोजायची, वाटीत दाबून भरायची नाही.

पिठी 2 वाट्या, पाणी 2 वाट्या, साजूक तूप किंवा तेल 1 लहान चमचा, मीठ चिमूटभर. शिवाय वेगळ्या भांड्यात अर्धी वाटी पाणी गरम करून बाजूला ठेवायचं. हे राखीव पाणी फार महत्त्वाचं आहे. यातून मध्यम आकाराचे वीसेक मोदक होतात. त्यांना 2 वाट्या खवलेलं ओलं खोबरं आणि 1 वाटी चिरलेल्या गुळाचं सारण पुरतं.

‘पिठीइतकंच पाणी’ ही सुरुवात आहे, नियम नाही. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी. फार दिवस डब्यात राहिलेल्या कोरड्या पिठीला सव्वापट पाणीही लागू शकतं. म्हणून सुरुवातीला समान मापाने जायचं आणि उरलेली तूट मळताना राखीव गरम पाण्याने भरून काढायची. कोरडी उकड सुधारता येते; सैल झालेली सुधारणं अवघड, कारण वरून घातलेली सुकी पिठी कच्चीच राहते आणि ती जिथे राहते तिथेच पुढे भेग पडते.

तुपाचा चमचा भरघोस घ्यायचा मोह टाळा. थोडं तूप उकडीला मऊ ठेवतं आणि हाताला चिकटू देत नाही. जास्त झालं तर कळ्या एकमेकींना धरत नाहीत आणि टोक जुळवलेलं पुन्हा उकलतं. निम्मं पाणी आणि निम्मं दूध घेतलं तर पारी अधिक पांढरी आणि मऊ होते, पण दूध उतू जाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या खेपेला नुसतं पाणीच घ्या.

उकड काढणं

जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं घ्या. त्यात पाणी, मीठ आणि तूप घालून मोठ्या आचेवर ठेवा. मधोमध खळखळ उकळी फुटली की लगेच पुढचं काम करायचं. पाणी उकळत ठेवून पिठी शोधत बसलात तर माप बिघडतं. दोन वाट्यांतलं पाव वाटी पाणी वाफेत जायला फार वेळ लागत नाही.

आता गॅस अगदी मंद करा आणि सगळी पिठी एकदम घाला. थोडी थोडी घालू नका. आधी पडलेली पिठी सगळं पाणी ओढून घेते आणि शेवटच्या पिठीला काहीच उरत नाही. पिठी पडताच लाटण्याच्या टोकाने किंवा उलथन्याच्या दांड्याने भराभर ढवळा, तळापासून, कडा सोडवत. पंधरा-वीस सेकंदांत कोरडं पीठ दिसेनासं झालं पाहिजे. मिश्रण या वेळी ओबडधोबड, गोळ्यागोळ्यांचं दिसतं. ते तसंच असतं, घोटून एकजीव करायची ही वेळ नाही.

झाकण ठेवा, मंद आचेवर दोन ते तीन मिनिटं वाफ येऊ द्या. गॅस बंद करा आणि झाकण न उघडता आणखी आठ-दहा मिनिटं ठेवा. या थांबण्याच्या वेळेतच कणांच्या आतपर्यंत ओल पोचते. घाई करणारे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. झाकण उघडून पाहण्याने दर वेळी वाफ जाते, म्हणजे उष्णता आणि पाणी दोन्ही.

तळाला पातळ पापुद्रा धरला असेल तर तो खरवडून उकडीत मिसळू नका. तो वाळलेला असतो आणि मळून कधीच विरत नाही. पारीत त्याचा कण आला की बरोबर तिथून ती फुटते.

मळणं

उकड गरम असतानाच परातीत काढायची. हात भाजतो, म्हणून पहिली दोन मिनिटं हाताऐवजी सपाट बुडाची वाटी किंवा फुलपात्र घ्या. त्याच्या बुडाला तेलाचं बोट लावा आणि उकड दाबून पुढे सरकवत रगडत जा. गुठळ्या मोडण्याचं खरं काम इथे होतं. मग हाताला सोसेल इतकी झाली की एका बाजूला पाण्याची, एका बाजूला तेलाची वाटी ठेवून तळहाताच्या टाचेने मळा. एकूण सात-आठ मिनिटं मळावं लागतं आणि त्यात सूट नाही.

मळताना उकड बदलते ते दिसतं. सुरुवातीला तिचा पृष्ठभाग खरबरीत आणि मळकट पांढरा असतो. नीट मळल्यावर ती तुळतुळीत होते, किंचित चमकते, आणि परातीला चिकटणं थांबतं. दाबल्यावर कानाच्या पाळीइतकी मऊ लागली पाहिजे.

मग ही चाचणी घ्या. लिंबाएवढा गोळा हातावर गोल करा आणि दोन तळव्यांत दाबून चपटा करा. कडेकडे बघा. कड सलग राहिली तर उकड तयार आहे. कडेला बारीक, आखूड, दातेरी भेगा आल्या तर पाणी कमी आहे. गोळा पसरला आणि बोटांचे ठसे त्यात तसेच चिकटून राहिले तर पाणी जास्त आहे. आणि भेगा आखूड नसून लांब असतील, उकड वाकवली की मधूनच तुकडा पडत असेल, चिमूटभर तोंडात टाकल्यावर पिठूळ लागत असेल, तर पाण्याचा नव्हे, शिजण्याचा प्रश्न आहे.

तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते: उकड कच्ची असते आणि माणूस पाणी ओतत राहतो. कोरड्या उकडीला राखीव गरम पाण्याचा एक-एक चमचा शिंपडून दर वेळी मिनिटभर मळा. गार पाणी नको, ते वरवर चिकचिक करतं आणि आत जात नाही. कच्ची उकड मुठीएवढे तीन-चार तुकडे करून चाळणीवर ठेवा, पाच मिनिटं वाफवा आणि पुन्हा गरम गरम मळा. सैल उकड पातेल्यात परत घालून मंद आचेवर उघडी ठेवून दोन मिनिटं परता, म्हणजे जादा पाणी उडेल.

आपल्या दोन वाट्यांच्या घाण्यावर हे लावून पाहू. समजा पिठी जुन्या तांदळाची आहे. पाच मिनिटं मळल्यावर पहिला गोळा दाबला, कडेला सगळीकडे दातेरी भेगा आल्या. चव शिजल्याची आहे. म्हणजे पाणी कमी. दोन चमचे गरम पाणी शिंपडून मळलं, दुसऱ्या गोळ्याला दोन-तीनच भेगा. आणखी एक चमचा, आणखी दोन मिनिटं मळणं. तिसऱ्या गोळ्याची कड सलग. आता वीस मोदकांच्या मागे लागायचं नाही. एकच मोदक करायचा आणि तो उकडून बघायचा. उकड तोवर ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाखाली झाकलेली. हा एक मोदक बारा मिनिटांत पुढचे एकोणीस वाचवतो. पिठी कोणती आणि तिला एकूण पाणी किती लागलं हे डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलंत तर त्याच पिठीचा दुसरा घाणा डोळे मिटून होतो.

पारी

घाणा मोठा असेल तरी उकड एकदम दोन वाट्यांपेक्षा जास्त काढू नका. स्टार्च गार होताना पुन्हा आखडतो आणि पाणी सोडतो. तासाभरापूर्वी लोण्यासारखी मळलेली उकड म्हणूनच शेवटच्या मोदकांना कडक होते. झाकून ठेवल्याने वाळणं थांबतं, आखडणं थांबत नाही. अशी उकड पाण्याने सुधारत नाही. तिला पुन्हा तीन-चार मिनिटं वाफ देऊन मळायची. फ्रिजमध्ये तर ती झपाट्याने कडक होते, म्हणून आदल्या दिवशी उकड काढून ठेवण्याचा विचार सोडा. सारण मात्र आदल्या दिवशी खुशाल करा.

लिंबाएवढा गोळा पुन्हा एकदा हातात दाबून मऊ करा, मग वाटीचा आकार द्या. दोन्ही अंगठे आत, बाकीची बोटं बाहेर, आणि गोळा फिरवत फिरवत कड पातळ करत जायची. बुडाची जागा कडेपेक्षा जरा जाड राहू द्या, कारण सारणाचं वजन आणि ओल दोन्ही तिथे बसतात. नवखे लोक अंगठा मध्यभागीच दाबत राहतात. बूड कागदासारखं होतं, कड जाड राहते, आणि मोदक उचलताना खालून उघडतो.

बोटांना पाणी आणि तेल आलटून पालटून लावा, पण बोटं थबथबलेली नकोत. कळ्या घालायच्या कडेच्या आतल्या बाजूला तेल लागलं तर ती जागा पुढे जुळत नाही.

कळ्या चिमटीत धरून काढायच्या, वरच्या कडेपासून पारीच्या निम्म्या उंचीपर्यंत खाली नेत. पहिल्या दिवशी सात-आठ कळ्या पुरेत. अकरा किंवा एकवीसचा हट्ट हात बसल्यावर. सारण पाऊण पारी भरेल इतकंच. मग डाव्या हाताच्या खळग्यात मोदक हळूहळू फिरवत उजव्या हाताने कळ्या वर गोळा करत आणायच्या आणि टोकाला मिटवायच्या. टोकाला जास्तीची उकड आली तर खुडून टाका, कारण जाड टोक आतून नीट उकडत नाही.

या वेळी एखादी भेग दिसली तर बोट ओलं करून तिथे घासून बुजवा, आणि शंका असेल तर उकडीचा छोटा तुकडा पसरून लिंपा. वाफेत भेग आपोआप मिटत नाही, ती रुंदच होते.

सारणाचा भेगांशी संबंध दोन ठिकाणी येतो. गरम सारण भरलं तर आत वाफ कोंडते, पारी आतून ओली होऊन सैलावते आणि गुळाचा पाक बाहेर येतो. म्हणून सारण पूर्ण गार हवं. दुसरं, सारण फार आटवलं तर गुळाचा पाक कडक होतो आणि गार झाल्यावर त्याचे खडे बनतात. असा खडा पातळ पारीतून सरळ बाहेर डोकावतो. खोबरं आणि गूळ एकत्र येऊन कढईच्या कडा सोडू लागले, पण मिश्रण अजून ओलसर आहे, एवढ्यावर गॅस बंद करायचा.

वाफ

मोदकपात्रातलं पाणी आधी उकळून घ्या. पाण्याची पातळी चाळणीपासून निदान दोन बोटं खाली हवी, नाहीतर उकळीचे शिंतोडे बुडाला लागून ते गळतं. चाळणीवर हळदीचं पान, केळीचं पान किंवा ओलं कापड पसरा. प्रत्येक मोदक ठेवण्याआधी गार पाण्यात झटकन बुडवून काढा. वर येणाऱ्या वाफेने पृष्ठभाग ओला होण्याआधी तो वाळला तर त्यावर बारीक जाळीसारख्या भेगा येतात. हा पाण्याचा हात त्या टाळतो. मोदक एकमेकांना टेकू देऊ नका, चिकटले की वेगळे करताना पारी सोलून निघते.

झाकण सपाट असेल तर त्याला आतून कापड बांधा, म्हणजे साचलेलं पाणी टोकांवर ठिबकत नाही. मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटं. कुकर वापरत असाल तर शिट्टी काढून. मोदक झाला की पारी चमकदार आणि किंचित पारदर्शक दिसते, आणि ओल्या बोटाने स्पर्श केला तर चिकटत नाही. पंधरा-वीस मिनिटं ‘आणखी थोडं’ म्हणून ठेवलात तर उकड पाणी पीत राहते, मोदक बसकट होतो आणि कळ्यांमधल्या खाचा उकलतात.

गॅस बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग ओल्या हाताने काढा. तापलेली पारी सगळ्यात नाजूक असते.

आता त्या पहिल्या मोदकाकडे बघा. भेग सगळीकडे बारीक असेल तर पृष्ठभाग वाळला आहे, पुढच्यांना पाण्यात बुडवा. पोटावर एकच लांब भेग असेल तर उकड कोरडी किंवा गार झाली आहे, एक चमचा गरम पाणी आणि दोन मिनिटं मळणं. खालून गळला तर बूड पातळ. टोक उघडलं तर तिथे तेल लागलंय किंवा सारण जास्त झालंय. आणि मोदक न फुटता नुसताच पसरला तर उकड सैल आहे. उरलेली पातेल्यात परतून घ्या.

शेवटी जी उकड उरते तिच्यात ठेचलेली हिरवी मिरची, जिरं, थोडी कोथिंबीर आणि चवीपुरतं मीठ मळा, चपट्या वड्यांसारख्या थापा आणि त्याच वाफेवर आठ-दहा मिनिटं उकडा. या निवगऱ्या तेलाबरोबर किंवा दह्याबरोबर खातात, आणि यांना भेगा पडल्या तरी कुणी विचारत नाही.